मेहर: तात्काळ की नंतर, स्पष्ट लिहा

महोदय,
निकाहनाम्यात पतीने पत्नीला द्यायच्या रकमेचा, म्हणजे मेहरचा आकडा ठळक असतो, पण तो कधी द्यायचा हे धूसर राहते. उर्दूत तात्काळ व नंतर देय मेहरचे शब्द वेगळे लिहितात. देवनागरीत दोन्ही ‘मुअज्जल’च होतात! म्हणून ‘पत्नी मागेल तेव्हा’ किंवा ‘तलाक वा मृत्यूनंतर’ असे सरळ लिहावे.

नंतरचे मेहर हे पतीवरचे कर्जच. समजा 51,000 मेहर बाकी आहे आणि दफनखर्च वजा जाता मागे 4,51,000 रुपये उरले. आधी मेहर फेडायचे, मग उरलेल्या 4 लाखांत, मुले असल्यास, विधवेचा आठवा हिस्सा 50,000. नातलग अनेकदा मेहरलाच हिस्सा समजून तिची बोळवण करतात.

– एक वाचक, इंदूर