दिनदर्शिकेवरची ओळ

डोंबिवली,
रविवार, दुपार

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

लाडवांचा डबा इथेच राहिला. तू तसा तणतणत निघालास की मलाही हाक मारायचं सुचलं नाही. पुण्याला पोचल्याचा तुझा मेसेज ताईकडून कळला, मला नाही. असो. शेअरचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसले आहे. फोनवर आपलं दोघांचंही बोलणं आवाज चढवण्यात जातं, म्हणून लिहिते आहे.

काल आमच्या गुंतवणूक मंडळाची बैठक होती. नेहमीचेच चौदाजण, वाचनालयाच्या वरची खोली, तोच एक गरगरणारा पंखा. यावेळी पाहुणे होते. शेअर बाजारात तीसेक वर्षं विश्लेषक म्हणून काम केलेले, आता निवृत्त. आम्हाला वाटलं, कोणता शेअर घ्यावा ते सांगतील. कुलकर्णी तर वही उघडून बसले होते. गृहस्थ म्हणाले, "मी आज फक्त माझी एक चूक सांगणार आहे, आणि ती कबूल करायला मी दोन वर्षं कशी लावली ते." वीस मिनिटं बोलले, पण मला रात्रभर झोप नाही.

त्यांची चूक येस बँकेची. २०१७ साली त्यांचं मत होतं की हा शेअर घ्यावा. कारण एकच, आणि ते त्यांनी अहवालात पहिल्याच पानावर लिहिलेलं: बँक झपाट्याने कर्जं वाटते आहे आणि तरी थकीत कर्ज नगण्य आहे. मग त्या मे महिन्यात बँकेचा वार्षिक अहवाल आला. त्यात रिझर्व्ह बँकेच्या तपासणीचा आकडा छापणं तेव्हा नव्यानेच सक्तीचं झालं होतं. २०१५-१६ सालासाठी बँकेने थकीत दाखवलं होतं ७४९ कोटी. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबाने ते होतं ४,९२६ कोटी.

तुला हे नुसते आकडे वाटतील. मी एकतीस वर्षं पतपेढीत काढली आहेत रे. तपासणीला माणसं यायची तेव्हा आमच्या साहेबांच्या कपाळावर जो घाम यायचा तो मी पाहिला आहे. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं थकीत धरायचं, हा नियम. तो चुकवायचा सोपा मार्ग म्हणजे नवंजुनं. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज द्यायचं. कागदावर खातं स्वच्छ, कर्जदाराच्या खिशात दमडी नाही. येस बँकेत नेमकं काय झालं ते मला ठाऊक नाही आणि पाहुण्यांनीही तसं म्हटलं नाही. पण तपासणाऱ्याचा आकडा साडेसहापट निघाला, तर मी त्या संध्याकाळीच घरी येऊन तुझ्या बाबांना म्हटलं असतं की इथली ठेव काढा.

त्यांनी काय केलं? बँकेत फोन केला. बऱ्याचशा खात्यांचा निकाल लागला आहे, असं उत्तर मिळालं. त्यांच्या हाताखाली एक मुलगा होता, वर्षभरापूर्वी लागलेला. तो म्हणाला, "सर, आपण लिहिलेलं कारणच राहिलं नाही." यांनी सांगितलं, तू अजून नवा आहेस. आणि अहवालात लिहिलं, एकदाच घडलेली गोष्ट आहे. ऑक्टोबरमध्ये पुढच्या वर्षाचा आकडा आला: बँकेचा २,०१८ कोटी, रिझर्व्ह बँकेचा ८,३७४ कोटी. एकदाच घडलेली गोष्ट दुसऱ्यांदा घडली. यांनी अपेक्षित भाव थोडा खाली आणला आणि 'घ्यावा' तसंच ठेवलं.

इथे ते थांबले, पाणी प्यायले. म्हणाले, त्या काळात मला कोणी जाब विचारला नाही, कारण भाव वाढत होता. मे २०१७ मध्ये शेअर, पुढे एकाचे पाच झाले त्या हिशेबाने, तीनशेच्या आसपास होता, ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेवर गेला. तीनशेला चूक कबूल केली असती तर सव्वा वर्ष लोक मला हसले असते. मत चुकलेलं होतं आणि पैसे मिळत होते, दोन्ही एकाच वेळी.

हे मला फार पटलं. आपण पडत्या भावाला घाबरतो, पण त्यांना बुडवलं ते चढत्या भावाने. तुझंही पहिलं वर्ष आठव. तीन शेअर दामदुप्पट झाले तेव्हा तू मला नवा मिक्सर आणलास, आणि मी सगळ्या सोसायटीत सांगत फिरले, नंदूमामालाही. तेव्हा गप्प बसायला हवं होतं. आता वाटतं, त्या कौतुकाचंच ओझं तुझ्या डोक्यावर बसलं असेल. आईसमोर हरायचं कसं, असं.

पुढचं भराभर सांगते. सप्टेंबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेच्या मुख्याधिकाऱ्यांची मुदत जानेवारीपर्यंतच ठेवली. एका दिवसात शेअर जवळजवळ तीस टक्के पडला. तेव्हा यांनी लिहिलं, आता एवढा स्वस्त झाला आहे की विकण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीत बँकेने जाहीर केलं की २०१७-१८ सालासाठी आपल्या आणि रिझर्व्ह बँकेच्या आकड्यात तफावत शून्य. शेअर एका दिवसात तीसेक टक्के उसळला, यांनी ऑफिसात पेढे वाटले. रिझर्व्ह बँकेने लगेच बँकेला खडसावलं, की तो तपासणी अहवाल गोपनीय होता आणि त्यात इतर त्रुटीही दाखवलेल्या होत्या. एप्रिल २०१९ मध्ये बँकेने पहिल्यांदा तोटा दाखवला, १,५०७ कोटी. त्यानंतर बाजार उघडला त्या दिवशी त्यांनी 'विकावा' लिहिलं. भाव तोवर एकशे सत्तरच्या घरात आला होता. मार्च २०२० मध्ये खात्यातून पन्नास हजारांहून जास्त काढायची बंदी आली आणि स्टेट बँकेने दहा रुपयांना शेअर घेतला, ते तुला माहीत आहे. पाटणकर आजोबांची रांग तू पाहिली होतीस.

मग त्यांनी फळ्यावर त्यांची चार कारणं एकाखाली एक लिहिली. कर्जं स्वच्छ आहेत. एकदाच घडलं. स्वस्त आहे. तफावत शून्य. म्हणाले, "शेअर तोच, शिफारस तीच, कारण मात्र दर वेळी नवं. भावाकडे बघून तुम्हाला कळणार नाही. कारण बदललं का ते बघा." म्हणून मत लिहाल त्याच दिवशी त्याखाली लिहा, काय दिसलं तर हे मत चुकलं असं मी धरीन. आकडा आणि तारीख घालून. नंतर लिहायला गेलात तर सोयीचंच लिहाल.

अमेय, मी घरी आले आणि स्वयंपाकघरातली दिनदर्शिका काढली. गणपतीत तू जेवताना त्या रसायनाच्या कंपनीबद्दल सांगितलं होतंस, आणि मला सवय आहे तशी मी दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवलं होतं. ओळ अशी आहे: "अमेय – २०० शेअर ६४० ने. दहेजचा प्लांट दिवाळीपर्यंत सुरू, मग विक्री दीडपट." दिवाळीत मी विचारलं, प्लांट सुरू झाला का? तू म्हणालास, "आई, कंपनीवर कर्ज नाही, आणि या भावाला फुकट मिळतोय." तेव्हा मला वाटलं, शहाणा आहे पोर. काल फळा बघताना पोटात गोळा आला.

ठरवलं होतं ना, विषय काढायचा नाही. काढलाच. मग हिशेबही सांगूनच टाकते, जन्मभर तेच केलं आहे. ६४० ला दोनशे, ५१० ला दोनशे, ४०० ला दोनशे. घातले ३ लाख १० हजार. तू म्हणतोस सरासरी ५१७ वर आली. आली, खरं आहे. पण आजच्या ३३० च्या भावाने तोटा १ लाख १२ हजार आहे. पहिल्या दोनशेवर थांबला असतास तर ६२ हजार असता. सरासरी खाली आली आणि तोटा वर गेला. आमच्या पतपेढीत याला नवंजुनं म्हणत. फरक इतकाच की तिथे दुसऱ्याचं खातं असायचं, इथे कर्ज देणाराही तू आणि बुडवणाराही तूच. आणि ते फ्लॅटच्या बुकिंगचे पैसे आहेत.

चुकलं. शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. पैसे तुझे, कमाई तुझी. खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशीलच.

मी त्यांना एक प्रश्न विचारला, हात वर करून, शाळेतल्यासारखा. म्हटलं, मत चुकलंय की नुसता वेळ लागतोय, हे ओळखायचं कसं? कंपनीचं काम उशिरा होतच की. ते म्हणाले, भाव पडला एवढ्यावर मत बदलणारा माणूसही तितकाच निरुपयोगी, तो रोज बदलेल. उशिराचं कारण कंपनीने आधी सांगितलं असेल, ते तपासता येत असेल, तर एक नवी तारीख द्या. एकदाच. तीही हुकली तर उत्तर मिळालं असं समजा. तोवर नवा पैसा घालू नका. आणि कबूल करताना पहिल्या ओळीत करा. त्यांनी स्वतः चौथ्या परिच्छेदात केलं होतं, 'बदलत्या परिस्थितीत' असा शब्द घालून. त्या हाताखालच्या मुलाने त्याच महिन्यात राजीनामा दिला.

तुझ्या बाबांचं ऑफसेट मशीन आठवतं? तू सातवीत होतास. लग्नपत्रिकांची कामं घटली तेव्हा ते म्हणाले, मंदी आहे. मग म्हणाले, कामगार नीट नाही. मग म्हणाले, शाई महाग. कल्याणचा तो गाळा विकला त्या रात्रीही म्हणाले नाहीत की लोकांना आता हे लागत नाही. मी हिशेबातली बाई, मला दुसऱ्याच वर्षी दिसलं होतं. बोलले नाही. त्यांचा चेहरा बघून गिळलं. पण तू जेवताना जबडा आवळतोस ना, अगदी तसाच त्यांचा असायचा. तुला ओरडले ती माझी भीती होती, राग नव्हता.

प्लांटचं त्या कंपनीने शेअर बाजाराला काही कळवलं आहे का, एवढंच बघ. तारीख दिली असेल तर मला कळव, मी दिनदर्शिकेवर लिहीन. दिली नसेल तरी कळव.

मीराच्या फीचं तिच्या सासऱ्यांनी केलं, तू काळजी करू नकोस. डबा शेजारचा रोहन शनिवारी पुण्याला येतोय त्याच्याबरोबर पाठवते. रव्याचे आहेत, लवकर संपव. रिकामा डबा परत हवा आहे, तो बाबांचा आहे.

आणि चौथ्यांदा घेतले नाहीस ना?

तुझी,
आई