शॉर्ट सर्किट असते तर माणूस वाचला असता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की आपल्या दैनिकात कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्या येऊ लागतात. त्यात बहुतेक वेळा ‘शॉर्ट सर्किटमुळे’ हा शब्द असतो. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडचा निदेशक होतो. निवृत्तीनंतरही गावातली तीन-चार पोरं हाताखाली शिकायला येतात. त्या शब्दामुळे त्यांच्या डोक्यात एक चुकीची गोष्ट पक्की बसते, म्हणून हे पत्र.

शॉर्ट सर्किट म्हणजे फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना भिडणे. तेव्हा शेकडो अँपिअर वाहतात आणि एमसीबी तत्क्षणी पडते. कूलरच्या पत्र्यात करंट उतरतो तेव्हा असे काही होत नाही. फ्यूज शाबूत, एमसीबी वर, पंखा फिरतो आहे, आणि पाणी भरायला गेलेली बाई चिकटते.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या घरी बोलावणे आले. कूलरला हात लावला की झिणझिण्या येत. पायात रबरी चप्पल होती म्हणून तेवढ्यावर भागले. पोरांना घेऊन गेलो. बोर्डावर 16 अँपिअरची नवीकोरी एमसीबी होती आणि थ्री-पिनची हिरवी वायर अर्थिंगपर्यंत नीट पोचलेली होती. एका पोराने विचारले, “सर, अर्थिंग हाये, एमसीबी हाये, मंग करंट कसा काय लागते?”

प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात होते. आमची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी असते, पण मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ती सळईला सोडून बाजूला सरकते. इथे तर सळईही जेमतेम दोन फूट ठोकलेली. अर्थ टेस्टर लावला तर रोध आला 38 ओहम.

मग मी अंगणातल्या फरशीवर खडूने आकृती काढली. डावीकडे डीपी म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, उजवीकडे घर, घरात कूलरचा चौकोन. डीपीपासून कूलरपर्यंत एक रेघ फेजची, परतीची दुसरी न्यूट्रलची. कूलरच्या पत्र्यापासून खड्ड्यापर्यंत तिसरी. चौथी रेघ तुटक, खड्ड्यापासून जमिनीखालून डीपीच्या अर्थिंगपर्यंत. हीच रेघ पुस्तकातल्या आकृतीत पोरांच्या नजरेतून सुटते. पत्र्यात उतरलेल्या करंटला डीपीकडे परत जायला वाट हीच, मातीतून.

आता हिशेब. घरचा खड्डा 38 ओहम, डीपीकडचे 8 धरू, म्हणजे वाट 46 ओहमची. 230 व्होल्टला 46 ने भागले की 5 अँपिअर येतात. 16 अँपिअरच्या एमसीबीला 5 अँपिअर म्हणजे कोणी इस्त्री लावली एवढेच. ती दिवसभर पडणार नाही. आणि पत्र्यावर किती व्होल्ट? 5 गुणिले 38, म्हणजे 190. ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध हजार-दीड हजार ओहम धरला तरी त्याच्या अंगातून शंभर मिलिअँपिअरच्या वर जातात. हृदयाची लय बिघडायला त्याहून कमी पुरतात.

घरमालकाने तेवढ्यात खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतले. पुन्हा मोजले तर 21 ओहम. करंट जेमतेम 8 अँपिअर झाला, एमसीबी जागची हलली नाही. सी प्रकारची 16 अँपिअरची एमसीबी एका झटक्यात नक्की पडायची तर 160 अँपिअर लागतात, म्हणजे पूर्ण वाट दीड ओहमच्याही आत हवी. अडीच मीटरचा पाइप पुरला, मीठ-कोळसा घातला, तरी आमच्या मातीत ते एका खड्ड्याने साधत नाही. किटकॅटच्या फ्यूजचीही हीच गत, आणि त्यात तांब्याची जाड तार गुंडाळली असेल तर बोलायलाच नको. एमसीबी आणि फ्यूज वायर जळू नये म्हणून असतात. माणसासाठी वेगळे यंत्र आहे.

ते म्हणजे आरसीसीबी. तिच्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच कड्यातून जातात. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. मातीत पाझरला तर परतीत तेवढा कमी भरतो, आणि 30 मिलिअँपिअरच्या फरकाला ती पडते. आपल्या कूलरचे 5 अँपिअर तिच्यासाठी दीडशेपटीहून जास्त झाले. खड्डा 500 ओहमचा असता तरी ती पडली असती. मात्र ती जास्तीचा लोड ओळखत नाही, म्हणून एमसीबी काढायची नाही. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलेला माणूस तिला धडधाकट कूलरसारखाच दिसतो. तिथे ती काही करत नाही. तिच्यावरचे टेस्टचे बटण महिन्याला दाबावे, पण त्याने यंत्र तपासले जाते, खड्डा नाही.

दुसऱ्या पोराने शक्कल काढली. “सर, मंग न्यूट्रलच अर्थच्या पिनला जोडून देऊ. वाट तारेचीच होते, एमसीबी झटक्यात पडन.” हिशेबाने त्याचे बरोबर आहे, आणि खेड्यातले काही वायरमन हेच करतात. पण वादळात खांबावरचा न्यूट्रलचा जंपर सुटला की चालू पंख्याच्या वाइंडिंगमधून फेज त्या न्यूट्रलवर येतो आणि घरातल्या प्रत्येक थ्री-पिनच्या पत्र्यावर उतरतो. कूलर, फ्रिज, पाण्याची मोटर, सगळे एकदम. त्याला फरशीवर न्यूट्रलची रेघ पुसून दाखवली तेव्हा तो गप्प झाला.

एक फसवणूक जुन्याजाणत्यांचीही होते. फेज आणि अर्थिंगमध्ये शंभर वॉटचा दिवा लावायचा, लख्ख पेटला की अर्थिंग उत्तम. त्या दिव्याचा स्वतःचा रोध पाचशे ओहमच्या वर असतो. खड्डा 50 ओहमचा असला तरी दिव्याला 210 व्होल्ट मिळतात आणि तो पेटतोच. टेस्टरशिवाय खड्ड्याचे खरे कळत नाही.

त्या घरी आम्ही आरसीसीबी बसवली. कूलर चालू करताच ती पडली. पंपाची वायर पत्र्याच्या भोकात रबरी बुशशिवाय ओवलेली होती, घासून उघडी पडली होती. वायर बदलली, बुश घातला, खड्डा नव्याने खोल केला. कूलर उघडण्याआधी पोरांकडून तीन गोष्टी करवून घेतल्या. पिन बाहेर काढायची, नुसते बटण बंद करून भागत नाही. टेस्ट लॅम्प आधी चालू पॉइंटवर पेटवून बघायचा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू पॉइंटवर, म्हणजे दिवाच गेलेला नाही याची खात्री. आणि लोडशेडिंग आहे म्हणून मेन स्विच न पाडता हात घालायचा नाही. लाइन सांगून येत नाही, शिवाय शेजाऱ्याचा इन्व्हर्टर कुठे जोडलेला असेल याचा नेम नसतो.

आरसीसीबी वारंवार पडते म्हणून ती बायपास करून मागणारे गिऱ्हाईक महिन्याला एक तरी येते. सगळ्या पिना काढून एकेक लावत गेले की दोषी सापडतो, बहुधा गिझर नाहीतर मोटर. त्याला अर्धा तास लागतो आणि गिऱ्हाईक तेवढ्याचे पैसे द्यायला कुरकुरते, हेही खरे.

फरशीवरची आकृती कागदावर काढून सोबत पाठवत आहे. जागा असल्यास छापावी. जमिनीखालची तुटक रेघ तेवढी वगळू नये. आणि कूलरच्या बातमीत ‘शॉर्ट सर्किट’ऐवजी ‘पत्र्यात करंट उतरून’ असे लिहावे, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिल्प निदेशक (वायरमन),
ता. आर्वी, जि. वर्धा