आजीची गोष्ट आजीच्याच तोंडून

टोरांटो

तीर्थस्वरूप नानाकाकांना,
सा. नमस्कार.

तुमचा निरोप बाळूकडून कळला. आजीच्या मुलाखतीचा मी केलेला पहिला भाग वाचून तुम्ही म्हणालात, "हे शुद्ध मराठीत कर, पुढची पिढी काय म्हणेल." तुम्ही मराठीचे मास्तर, तुमच्यापुढे भाषेवर मी काय बोलणार! पण या बाबतीत मी हटून बसणार आहे. का ते फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

बाळूने केलेलं रेकॉर्डिंग आधी मी अक्षरशः उतरवून काढलं. रात्री इथली कामं उरकली की हेडफोन लावायचे, वेग निम्मा करायचा आणि जे ऐकू येईल ते सगळं लिहायचं. अडखळणं, "आता ते...", बाळूचे प्रश्न, मागे ओरडणारा भाजीवाला, सगळं. दर पानावर मिनिट-सेकंदाची खूण. असं उतरवायला तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास सहज जातात. तो कागद वाचायला कंटाळवाणा आहे, पण तो पुरावा आहे. त्याला मी पुन्हा हात लावत नाही. गोष्ट लिहायची ती त्याच्या नकलेवर.

आता बाहत्तरच्या दुष्काळाचीच जागा घ्या. बाळू विचारतो, "आजी, खडी फोडायला कधी गेलात?" आजी म्हणते:

"कधी म्हंजी... आता ते... तुझा बा पोटात व्हता. न्हाई, पोटात न्हवता, अंगावर पीत व्हता. तवा. आमी समद्या जावा-जावा ग्येलो. आन् मुकादम म्हनतो, बाई, लेकरू घिऊन कामाव यायचं न्हाई. म्या म्हनलं, मंग लेकरू काय घरी खुटीला टांगू?"

तुम्ही सुचवलेल्या पद्धतीने हे असं होईल: "१९७२ साली भीषण दुष्काळ पडला. तेव्हा आम्ही सर्व जावा खडी फोडण्याच्या कामावर गेलो. मुकादमाने मूल आणण्यास मनाई केली असता मी त्यास सडेतोड उत्तर दिले." व्याकरणात एक चूक नाही. पण खुंटी गेली, मुकादमाचं "बाई" गेलं, आणि आजीच्या जागी कुणी सभेत भाषण करणारी बाई येऊन बसली. "सडेतोड उत्तर" हे तिच्या बोलण्यावरचं आपलं मत झालं. ती काय बोलली ते वाचणाऱ्याला कळलंच नाही.

मी ठेवलं ते असं:

"तुझा बा पोटात व्हता. न्हाई, पोटात न्हवता, अंगावर पीत व्हता, तवा आमी समद्या जावा-जावा खडीव गेलो. मुकादम म्हणतो, बाई, लेकरू घिऊन कामाव यायचं न्हाई. म्या म्हणलं, मंग लेकरू काय घरी खुंटीला टांगू?"

बाळूचा प्रश्न काढला, पण प्रश्नाशिवाय उत्तर लंगडं होत होतं. तिथे "खडीव" हा शब्द घातला तोही तिचाच, पुढे सुकडीबद्दल बोलताना ती वापरते. तिच्या तोंडून कुठेच न आलेला शब्द घालायचा नाही, आणि घालावाच लागला तर चौकटी कंसात घालायचा, हा नियम मी पाळते. "म्हनलं"चं "म्हणलं" आणि "ग्येलो"चं "गेलो" केलं, कारण प्रत्येक उच्चार लिहीत बसलं तर पुण्यातली पोरं दर शब्दाला अडखळतील आणि आजी नाटकातल्या विनोदी पात्रासारखी वाटेल. पण "म्या", "व्हता", "तवा" आणि वाक्याची ठेवण तिचीच. गोष्ट रंगात आली की ती "मुकादम म्हणाला" न म्हणता "म्हणतो" म्हणते. शाळेत तुम्ही तिथे काळ बदलला म्हणून लाल रेघ ओढाल. मी तो तसाच ठेवलाय, कारण तिथे ती सांगत नसते, मुकादमासमोर उभी असते.

"पोटात व्हता, न्हाई, अंगावर पीत व्हता" हेही तुम्हाला खटकलं असेल. पण त्या दुरुस्तीत माहिती आहे. बाळूचा बा म्हणजे तुम्हीच, आणि शाळेच्या दाखल्यावर तुमची जन्मतारीख १ जून १९७१ आहे. आपल्याकडे अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचाच, मास्तरांच्या कृपेने! त्यामुळे तारखेवर माझा विश्वास नाही. आजी मात्र दुसरीकडे म्हणते की तुम्ही बेंदराच्या आदल्या दिवशी झालात. म्हणजे आषाढ. ७२ चा पाऊस गेल्यावर कामं निघाली तेव्हा तुम्ही सव्वा-दीड वर्षाचे असणार, अंगावर पिणारे. वर्ष दाखल्याचं खरं, दिवस आजीचा. हे सगळं मी गोष्टीत घातलं नाही, शेवटी वेगळ्या टिपेत लिहिलंय. आजीच्या वाक्यात आपण साल घुसवलं की ते वाक्य तिचं राहत नाही.

लाल मिलोची भाकरी ती तीन वेळा सांगते. पहिल्यांदा नुसतं "तुटायची". दुसऱ्यांदा थोरल्या जावेचं गाऱ्हाणं जोडून. तिसऱ्यांदा हसत, "अमेरिकेची जुंधळं, त्यास्नी काय माहीत भाकर कशी फिरती!" तिन्ही शिवून एक झकास परिच्छेद होण्यासारखा होता, पण अशा शिवलेल्या वाक्यांना तिची लय राहत नाही. मी तिसरं सांगणं पूर्ण घेतलं, बाकीची दोन गाळली. क्रम मात्र मी बदललाय. माहेरचं, दुष्काळ, पुन्हा माहेर अशी ती फिरते. प्रसंग अख्खे उचलून मागेपुढे केले, प्रसंगाच्या आतलं काही हलवलं नाही.

एकच जागा अशी आहे जिथे मला काय करावं ते बराच वेळ कळेना. बैल विकल्याचं सांगताना ती थांबते. टेपवर नुसता पंखा ऐकू येतो. मग म्हणते, "जाऊ दे. च्या ठिव." मी कंसात "रडते" असं लिहिलं नाही. रडली की नाही ते मला दिसलं नाही, आणि लिहिलं तर तो तिच्यावर अन्याय. "जाऊ दे. च्या ठिव." एवढं ठेवलं आणि पुढचा प्रसंग नव्या ओळीवर घेतला.

आता तुमच्याकडे काम. सोबतची पानं आजीला मोठ्याने वाचून दाखवा, पण तुमच्या वर्गातल्या आवाजात नको. ती मध्येच "आसं न्हाई म्हणले म्या" म्हणाली तर वाद न घालता पेन्सिलने खूण करा. मी टेपशी ताडून बघीन. टेपवर तसंच असलं तरी आता तिला ते नको असेल तर काढू. सातव्या पानावर थोरल्या जावेच्या पाटल्यांचं प्रकरण आहे. ते घरात इतर कुणी नसताना वाचा आणि ठेवायचं का ते तिलाच विचारा. त्या घरची मुलं-नातवंडं आजही आपल्या शेजारी राहतात.

बाळूला सांगा, राहिलेलं रेकॉर्डिंग मोबाइलवरून पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठव आणि मूळ फाइल फोनमधून पुसू नकोस. पुढच्या वेळी पंखा बंद, फोन आजीच्या मांडीजवळ उशीवर. आणि तिचं वाक्य संपल्यावर लगेच "हो का" म्हणायचं नाही. तिची चांगली वाक्यं त्याच्या "हो का"खाली गाडली गेली आहेत.

बैलाचं नावही नीट लागत नाही, "पाखऱ्या" की "पाखल्या". तेवढं तिला विचारून कळवा. आणि ती खडी कुठल्या रस्त्यावर पडली, तेही. म्हसवडकडच्या की दहिवडीकडच्या?

काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी,
सुमी