चारच का, दोन का नाही

निल्या,

परवा फोन कट केलास त्याबद्दल काही म्हणत नाही. आत्याने लग्नातलं तुझं पिणं सांगितलं आणि मी लगेच सुरू झालो. एकच विचारायचं राहून गेलं, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का रे तुझे?

आईने ज्या समुपदेशक बाईंना गाठलंय त्यांच्याकडे मीही जाऊन आलो. त्या म्हणाल्या, ज्याचं मन दोन्हीकडे ओढतंय त्याला 'सोड' म्हटलं की तो दारूची वकिली करतो, आणि बोलता बोलता ती त्यालाच पटायला लागते. मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये हे मांडलं म्हणे. बदलाच्या पायऱ्याही बाईंनी सांगितल्या, आधी विषयच डोक्यात नसतो, मग 'कमी करावी का' चालू होतं, मग तयारी, मग प्रत्यक्ष करणं आणि शेवटी ते टिकवणं, आणि मधे घसरून मागेही यायला होतं. तू दुसऱ्या पायरीवर आहेस आणि मी तुला थेट चौथीवर ओढतोय.

आईने तुला विचारलं होतं ना, कमी करणं किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहात? तू चार म्हणालास. मी असतो तर 'चारच का, आठ का नाही' विचारलं असतं आणि तू सबबी दिल्या असत्यास. तिने विचारलं, चार का, दोन का नाही? तेव्हा तूच म्हणालास की सोमवारी डोकं जड असतं आणि ईरा पापा घ्यायला आली की वास येतो म्हणून तोंड फिरवते. हे मी दहा वेळा सांगूनही तुझ्या तोंडून आलं नसतं.

मग 'जमेल का' ला तू दोन दिलेस, शुक्रवारच्या ग्रुपमुळे. बाई म्हणाल्या, म्हणजे पटलंय, भरवसा नाहीये, अशा वेळी लिव्हरवर भाषण देऊन काही होत नाही, छोटं काहीतरी ठरवायला हवं. एक क्वार्टर म्हणजे ३० मिलीचे सहा पेग, मी कधी मोजलंच नव्हतं. तिथे जेवून उशिरा गेलास तर? दोनवर थांबलास तर? झालं, परत लेक्चर. सॉरी. काय करायचं ते तू ठरव.

शाळेत असताना अप्पांच्या चहाची बशी तू धरायचास, सांडू नये म्हणून. कुणी शिकवलं नव्हतं तुला.

म्हणूनच हातांचं विचारतोय. रोज पीत असशील आणि सकाळी थरथर, घाम, मळमळ होत असेल तर माझं ऐकून एकदम बंद करू नकोस, पहिल्या दोन दिवसांत फिटसुद्धा येऊ शकते, अप्पांना आली तशी. आधी डॉक्टरला दाखव, ते गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात. बाकी काही नको, थरथरतात की नाही एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, मी फोन करणार नाही.

बाबा