देवगडच्या घराला परभणीचे कव्हर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या लेकीचे सासर देवगडला. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. बारा वर्षांपूर्वी त्या बांधकामाला आपल्या परभणीकडचा मिस्त्री मीच पाठवला होता. हात चांगला, माल चोख. त्याने इथे बांधतो तसेच तिथे बांधले, आणि चूक तिथेच झाली.

यंदा गेलो तेव्हा पडवीच्या बीमच्या तळाला सळईच्या रेषेत लांब तडा दिसला. त्यातून तपकिरी ओघळ आलेले. हातोडीने ठोकले तर पोकळ आवाज. खपली काढली, तर सळयांना वेढणाऱ्या रिंगेवर काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, जेमतेम 20 मिलिमीटर.

चांगल्या काँक्रीटमध्ये चुन्याचा अंश असतो. त्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर धरतो आणि तोवर ती गंजत नाही. खाऱ्या वाऱ्यातले मीठ मात्र ओलाव्याबरोबर काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत झिरपते. त्यातला क्लोराइड सळईपर्यंत पोहोचला की तो थर जागोजागी फुटतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते. तडा पडला की मीठ-पाण्याला वाट मोकळीच.

मीठ आत शिरायला लागणारा काळ कव्हरच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर काळ चौपट, हे मिस्त्रींना कोणी सांगत नाही. 20 मिलिमीटरमधून ते दहा वर्षांत पोहोचत असेल, तर तशाच काँक्रीटच्या 40 मिलिमीटरमधून साधारण चाळीस वर्षे लागतील. काँक्रीट पाणचट असेल तर हा हिशेब कोसळतो. म्हणूनच काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, किनाऱ्याच्या हवेला उघड्या काँक्रीटसाठी 45 मिलिमीटर कव्हर आणि त्याबरोबर काँक्रीटचा किमान एम 30 हा ताकदीचा दर्जा सांगितला आहे. आपल्याकडे कोरड्या, झाकलेल्या भागाला 20 पुरते. आणि हे माप मुख्य सळईपासून नाही, सर्वांत बाहेरच्या रिंगेपासून घ्यायचे.

पण सळई उचलून धरणारे नुसते मोठे कव्हर ब्लॉक लावून भागत नाही. 125 मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये 20 कव्हर आणि 10 ची सळई धरली, तर सळईच्या मध्यापर्यंत खोली 100 मिळते. तेवढ्याच जाडीत 45 कव्हर दिले की ती 75 वर येते, म्हणजे स्लॅबची ताकद साधारण पाव हिश्श्याने घटते. त्यामुळे जाडी वाढवून नकाशा इंजिनिअरकडून नव्याने काढून घ्यावा लागतो. तिकडे कामाला जाणाऱ्या आपल्या मिस्त्रींनी इथला नकाशा सोबत नेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती.

लेकीच्या घरी वरून प्लास्टर मारायचे ठरत होते. ते मी थांबवले, कारण मीठ आतच राहिले असते. आता टेकू लावून, सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडून, गंजलेली सळई बदलून काम चालू आहे.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक, परभणी