अडखळते तिथं खूण कर

कोल्हापूर,
रविवार, सकाळ

प्रिय दिगू,

तुझं पत्र वाचलं. निवेदिकेला न अडखळता म्हणता येईल अशी संहिता कशी करायची, हे तू विचारलंस. निवेदिका हुबळीची, मराठी समजते पण बोलायची सवय नाही, आणि संहिता तू लिहिलेली. म्हणजे वाक्यं मारुतीच्या शेपटीएवढी असणार, हे न बघताच सांगतो. आमच्याकडं नुकतंच असंच एक काम झालं, तेच तुला सविस्तर कळवतो.

कोल्हापुरी चपलेवर छोटी फिल्म होती. निवेदिका कानपूरची. कॅमेऱ्यासमोर झकास, आणि मराठी वाचते हिंदीच्या जोरावर. देवनागरी येत असल्यामुळं सगळ्यांना वाटलं, अडचण काय येणार? पहिलं वाचन लावलं आणि या वाक्याशी गाडी थांबली:

"बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या अर्कात कमावलेल्या चामड्यापासून, खिळ्यांशिवाय, चामड्याच्याच वादीने शिवलेली आणि 2019 साली महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल आजही अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे."

माहिती सगळी खरी. तू किंवा मी हे एका दमात म्हणूनही दाखवू, आणि घोळ तिथंच आहे. लिहिणाऱ्याच्या जिभेला मराठीची सवय असते, त्यामुळं स्वतः मोठ्यानं वाचून काही कळत नाही. म्हणून तिला तयारी न करता वाचायला लावलं, मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि ती थांबली तिथं कागदावर नुसती रेघ मारत गेलो. उच्चार चुकला तिथं खूण केली नाही. चुकीचा उच्चार सलग आला तर ऐकणारा पुढं जातो, पण अडखळलं की तो माहिती सोडून तिच्याकडं बघायला लागतो.

रेघा बघितल्यावर गंमत कळली. अवघड शब्दाच्या आधीच ती मंदावत होती. डोळे पुढं धावतात, समोर खड्डा दिसतो आणि जीभ आधीच्या शब्दावरच ब्रेक लावते. "आणि हिरड्याच्या" यातल्या "आणि"वर रेघ पडली म्हणून "आणि" बदलून काय उपयोग? बघायचं ते पुढच्या शब्दाकडं.

आता "बाभळीच्या सालीच्या" घे. प्रमाण हिंदीत ळ नाही. एकटा ळ ती सावकाश काढत होती, पण ळ नंतर लगेच ल आला की दोन्हींचा ल तरी व्हायचा, नाहीतर दोन्हींचा ळ. "काळे राळे गोरे राळे" म्हणताना लहानपणी आपली जी फजिती व्हायची तीच. दोन जवळचे आवाज आलटून पालटून आले की जीभ मागचंच वळण पुन्हा घेते. बाभूळ तर काढता येत नाही, चामडं कमावतात तिच्याच सालीत. मग बाभूळ वाक्याच्या शेवटी नेली, म्हणजे ळ म्हणून झाल्यावर थांबायला जागा मिळते, आणि साल पुढच्या वाक्यात टाकली. तिथं आणखी एक काटा निघाला. झाडाची साल आणि 2019 साल एकाच वाक्यात होते, त्यामुळं ऐकणाऱ्याचाही गोंधळ झाला असता.

सगळ्यात वाईट शब्द "चामड्याच्याच". यातला पहिला च चाकातला, मधला चहातला, शेवटचा परत चाकातला. एका शब्दात जिभेला दोनदा जागा बदलावी लागते, आणि हिंदीत तर एकच च. शिकवत बसलो असतो तर दिवस गेला असता. शेवटचा च काढून टाकला.

आकड्यांचं मात्र कुणाच्या डोक्यात नव्हतं. "2019" समोर दिसलं की ती धडाधड "दो हज़ार उन्नीस" म्हणायची. आकडा डोळ्यांना दिसतो आणि तोंडातून मातृभाषा येते, इलाज नाही. तिच्या प्रतीत सगळे आकडे अक्षरात लिहिले. अनुस्वाराचंही तसंच. बोलीत वाटावं म्हणून मी "चामडं" लिहिलं, तर ती टिंब बघून नाकात म्हणायची. तिच्या प्रतीत "चामडऽ" लिहिलं आणि प्रश्न मिटला. छापील शुद्धलेखन बघणारे नाक मुरडतील, पण तो कागद छापायचा नव्हताच.

शिवाय तिच्या भाषेत नपुंसकलिंग नाही. "चामडं चांगलं" म्हणायचं तर ती "चामडं चांगला" म्हणणार. तिथं विशेषणाला फाटा दिला. चप्पल दोन्हीकडं स्त्रीलिंगीच, म्हणून शक्य तिथं चपलेलाच कर्ता केलं.

शेवटी तिच्या हातात हे पडलं:

"ही कोल्हापुरी चप्पल. / हिला एकही खिळा नाही. / शिवण घालतात तीही चामड्याच्या वादीनं. / आधी चामडऽ कमावतात. / त्यासाठी लागतो हिरडा, आणि लागते बाभूळ. / या झाडाची साल पाण्यात घालतात. / दोन हजार एकोणीस मध्ये हिला जीआय मिळाला. / हा मान दोन राज्यांचा आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटक."

"वादीनं" मधला वरचा ठिपका तिला जमला, म्हणून राहू दिला. तिरक्या रेघा श्वासाच्या. रेघ वाक्याच्या मध्येच कुठं तरी घालावी लागली तर वाक्य अजून लांब आहे असं समज. "लागतो हिरडा" असं क्रियापद पुढं आणल्यामुळं तिला वाक्य कुठं चाललंय ते आधी कळतं, शेवटच्या "आहे"पर्यंत सगळं डोक्यात धरून ठेवावं लागत नाही. सगळीच वाक्यं मात्र आखूड करू नकोस. पहिल्या तुकड्यात तसंच झालं होतं आणि ती तार वाचतेय असं वाटत होतं. म्हणून हिरडा आणि बाभूळ एकाच वाक्यात ठेवलं.

पैसे देणाऱ्या मंडळींनी जीआयच्या जागी "भौगोलिक मानांकन" आणि आठही जिल्ह्यांची नावं हवीच म्हणून हट्ट धरला. त्यांचंही बरोबर होतं, मानांकन चार जिल्हे इकडचे आणि चार तिकडचे मिळून आहे. मग तो शब्द आणि नावं पडद्यावर पट्टीत टाकली. कान, वेणी, अंगठा हे चपलेचे भाग तर कारागीर मामांनीच हातात चप्पल धरून सांगितले. बोजड मजकूर सगळा निवेदिकेच्याच तोंडी घातला पाहिजे असं थोडंच आहे?

दुसऱ्या दिवशी तिला परत वाचायला लावलं. त्याच दिवशी वाचून घेतलं तर पाठांतरामुळं फसगत होते. "जीआय मिळाला" इथं अजून ळ आणि ल एकमेकांना खेटून आहेत, पण तिथं ती अडखळत नाही याची खात्री झाली, तेव्हा शूटिंगची तारीख दिली. तिचा हेल कानपुरीच राहिला, आणि आम्ही तो घालवायलाही गेलो नाही.

आता तुझं. ही यादी तशीच उचलू नकोस. कानडीत ळ आणि ण दोन्ही घरचेच, तिथं तुझी बाई आपल्यालाही मागं टाकेल. तिचं बोलताना ख, घ, भ यांचं क, ग, ब होतंय का ते बघ, आणि दोन च तिच्याही वाट्याला येणारच. त्यामुळं संहिता पाठवू नकोस, तिचं पहिलं वाचन रेकॉर्ड करून पाठव. मध्ये तिला काही सांगू नकोस, दुरुस्त करू नकोस, आणि समोर बसून मान तर अजिबात हलवू नकोस. तुझी ती खोड मला माहीत आहे.

वहिनींना नमस्कार, आणि शूटिंग पावसाळ्याच्या आत उरका.

तुझा,
बाळू