आधी एका रात्रीत संपणारी गोष्ट दाखवा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा नाराज होते. 'मदर इंडिया' लावला आणि दादाची दोन्ही पोरं अर्ध्या तासात उठून आतल्या खोलीत गेली, या पिढीला धीरच नाही, असं म्हणाले. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. बाबा, पोरांना धीर आहे. मोठा अख्खी मॅच जागचा न हलता बघतो. धाकटी एकाच मालिकेचे भाग सलग बघत बसते आणि जेवायला हाक मारली तरी ऐकत नाही. 'मदर इंडिया' मोठाच सिनेमा आहे, पण तो या पोरांना पहिला दाखवायचा सिनेमा नाही.

दिवसभर सीन कापायचं आणि जोडायचं माझं काम, त्यामुळे हा विचार डोक्यात सतत चालू असतो. सगळे म्हणतात, जुने सिनेमे संथ असतात कारण त्यांत कट कमी असतात. ते खरंच आहे. अभ्यासकांनी मोजून ठेवलंय, की 1930 ते 1960 च्या काळात हॉलिवूडच्या सिनेमात एक शॉट, म्हणजे दोन कटांमधला सलग तुकडा, सरासरी आठ ते अकरा सेकंद टिकायचा, तो विसाव्या शतकाच्या अखेरीस तीन ते सहा सेकंदांवर आला. पण पोरं उठतात ती शॉट लांब आहे म्हणून नव्हे. आता पुढे काय होणार, हा प्रश्न त्यांच्या मनात अजून पडलेलाच नसतो, म्हणून उठतात. 'मदर इंडिया' एका बाईचं अख्खं आयुष्य सांगतो, जवळजवळ तीन तास. लग्न, सासर, सावकार, पूर, मुलं मोठी होणं. तुम्ही तो रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये चारशे माणसांत बसून बघितलात, तेव्हा मध्ये उठायची सोयच नव्हती. घरात दर मिनिटाला उठायची सोय आहे. म्हणून माझं मत असं, की आयुष्य सांगणारे सिनेमे नंतर दाखवावेत आणि एक रात्र, एक खोली किंवा एकच प्रश्न सांगणारे आधी.

मोठ्यासाठी सुरुवात 'एक रुका हुआ फैसला'पासून करा. बासू चटर्जींनी 1986 मध्ये केलेला. तो '12 अँग्री मेन' या 1957 च्या अमेरिकन सिनेमावरून घेतलाय. गोष्ट एवढीच: एका पोरावर बापाच्या खुनाचा खटला आहे, आणि बारा पंच, म्हणजे ज्युरी, एका खोलीत बसून तो दोषी की निर्दोष ते ठरवतात. बाराही जणांचं एकमत व्हायलाच हवं. पहिलं मतदान होतं तेव्हा अकरा जण म्हणतात दोषी, आणि एकटा के. के. रैना म्हणतो, थांबा, आधी बोलू तरी. इथपर्यंत यायला फार वेळ लागत नाही, आणि त्यानंतर पोरगा उठत नाही. कारण आता मॅचसारखा स्कोअर सुरू झालेला असतो. अकरा-एकचं दहा-दोन होतं, मग पुढे सरकत राहतं. कोण फुटणार, कधी फुटणार, हे बघायला तो बसून राहतो. गाणं नाही, मारामारी नाही, सगळी एका टेबलाभोवतीची बोलणी.

यातला चाकूचा प्रसंग नीट बघा. खुनाचा चाकू एकमेवाद्वितीय आहे, तसा दुसरा मिळणारच नाही, असं सगळे धरून चाललेले असतात. तेवढ्यात तो एकटा खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढतो आणि टेबलात रोवतो. खोलीतलं सगळं गणित एका क्षणात बदलतं. असे वळणाचे क्षण ठरावीक अंतराने येत राहिले, की शॉट किती लांब आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मूळ अमेरिकन सिनेमात तर पंच खोलीत शिरतात तिथे कॅमेरा कितीतरी मिनिटं कट न घेता एकेकाजवळून फिरत राहतो, आणि तरी कंटाळा येत नाही. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने तिथे आणखी एक काम केलंय. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या रेषेच्या वर ठेवला, मधल्या भागात डोळ्यांच्या रेषेत आणला, शेवटी त्याहून खाली नेला, म्हणजे मग छत दिसायला लागतं. लेन्सही हळूहळू लांब पल्ल्याच्या वापरत नेल्या, त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही, पण जीव मात्र गुदमरायला लागतो. मोठा इंग्रजी शाळेत आहे, त्याला पुढे कधी तो मूळ सिनेमाही दाखवा. तुमच्याबरोबर बसून बघायला हिंदीच बरा. आपल्याकडे पंच कुठे असतात, असं तो नक्की विचारेल. बाबा, तेव्हा आपल्याकडेही पूर्वी पंच असायचे म्हणून नानावटी खटल्याची गोष्ट सांगा, तुम्ही ती रंगवून सांगता.

त्यानंतर 'इत्तफाक', 1969 चा, यश चोप्रांचा. तोही बिनगाण्याचा आणि जेमतेम पावणेदोन तासांचा. पावसाळी रात्र, वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला राजेश खन्ना, आणि ज्या घरात तो शिरतो तिथे एकटी नंदा. त्याच्यावर बायकोच्या खुनाचा आरोप आहे, हे आपल्याला आधीच माहीत असतं, म्हणून तो दारातून आत आला की भीती तयारच असते. आई, तुला शेवट माहीत आहे. कृपा करून मध्येच "अगं, तीच तर..." असं काही बोलू नकोस.

बिनगाण्याचा म्हणजे वेगवान, असं मात्र समजू नका. बी. आर. चोप्रांचा 'कानून' (1960) त्यातही गाणं नाही, आणि त्याची सुरुवात तर अफाट आहे. एका माणसावर खुनाचा खटला उभा आहे आणि तो कोर्टाला म्हणतो, याच माणसाच्या खुनाबद्दल मी आधीच शिक्षा भोगून आलोय, आता दुसऱ्यांदा कशी देणार? पोरगं चटकन सरसावून बसेल. पण पुढे फाशीच्या शिक्षेवर लांब भाषणं येतात. तो दुसऱ्या फेरीत ठेवा. उलट गाणी असलेला प्रत्येक सिनेमा टाळायचंही कारण नाही. गाण्यात गोष्ट पुढे सरकत असेल तर चालू द्या, नुसतंच बागेतलं गाणं असेल तर त्या वेळात पाणी पिऊन येऊ द्या. रिमोटने पुढे मात्र ढकलू नका. एकदा ढकलायची सवय लागली, की पोरं भरल्या प्रसंगातही ढकलतात.

मराठीत मला सगळ्यात खात्रीचा वाटतो तो 'सामना'. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. साखर कारखान्याचं राजकारण पोरांना लगेच कळणार नाही, पण ते कळायची गरजही नाही. दारुडा मास्तर गावच्या धनदांडग्या पुढाऱ्याला एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? तोच प्रश्न पोरांनाही पडतो आणि सिनेमा त्याच्यावर चालतो. लागू आणि निळू फुले समोरासमोर बसले की कट किती झाले हे मीसुद्धा मोजत नाही. मोठ्याला दाखवा. धाकटीला दोन वर्षांनी.

धाकटीसाठी वेगळंच सुचवते, बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनियर', 1924 चा. शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट, फक्त पाऊण तासाचा, आणि आजच्या पुष्कळ सिनेमांपेक्षा चपळ. भाषेची अडचण नाही, मधे मधे येणाऱ्या पाट्या तिच्या दादाला वाचायला सांगा. सिनेमा दाखवणारा ऑपरेटर मशीनशेजारी झोपतो आणि स्वप्नात पडद्यातच शिरतो. तिथे त्याच्यामागची जागा पटापट बदलते, तो मात्र तसाच उभा. बसायला जातो तर रस्ता, उडी मारतो तर समुद्राऐवजी बर्फ. प्रत्येक वेळी माणूस आणि कॅमेरा यांतलं अंतर मोजून ते शूट केलंय, संगणक नव्हताच. बाबा, यात तुमच्यासाठीही एक प्रसंग आहे. मालगाडीच्या टपांवरून पळत येऊन तो वाफेच्या इंजिनात पाणी भरायच्या सोंडेला लटकतो, आणि पाण्याचा लोंढा त्याला रुळावर आपटतो. त्या आपटण्यात त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं, ते त्याला कित्येक वर्षांनी डॉक्टरांच्या तपासणीत कळलं. मूकपटाच्या काही प्रती चुकीच्या वेगाने चालवलेल्या असतात. माणसं उगाच तुरुतुरु चालताना दिसली, तर दुसरी प्रत शोधा.

प्रतीवरून आठवलं, आपल्या टीव्हीचं सेटिंग बदला. जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी चित्रात काढलेला असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे यायलाच हवेत. चेहरे फुगलेले दिसत असतील तर टीव्ही चित्र ताणतोय, आणि डोकी वरून कापली जात असतील तर मोठं करून कापतोय. पिक्चर साइजमध्ये जाऊन मूळ आकार किंवा 4:3 निवडा. आणि हालचाल गुळगुळीत करणारं जे सेटिंग असतं ते बंद करा, त्याने सिनेमा मालिकेसारखा दिसतो.

दुसरी अडचण कूलरची. भुसावळच्या मे महिन्यात दुपारी तो बंद ठेवा असं मी म्हणणार नाही. पण जुन्या सिनेमाचा आवाज एकाच ट्रॅकचा आणि किरटा असतो, कूलरची घरघर त्यातले संवाद गिळून टाकते. शब्द कळले नाहीत की पोरं कंटाळली म्हणतात, आणि आपल्याला वाटतं सिनेमा संथ आहे. रात्री जेवणं झाल्यावर, कूलर हळू करून लावा, किंवा मोठ्याचा छोटा स्पीकर टीव्हीला जोडून तुमच्या खाटेजवळ ठेवा. हिंदी सिनेमालाही खालची अक्षरं चालू ठेवा.

अडीच-तीन तासांचा सिनेमा मध्यंतरालाच थांबवा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी लावा. तेव्हाचे लेखक मध्यंतराच्या आधी मोठा धक्का ठेवायचेच, तो वाया घालवू नका. कुठलाही नवा सिनेमा आधी तुम्ही दोघं पंधरा मिनिटं बघा. तेवढ्यात तुमच्या मनात प्रश्न उभा राहिला नाही, तर पोरांच्याही राहणार नाही.

आई, तुझा 'संत तुकाराम' मी विसरलेले नाही. 1936 चा सिनेमा, पण त्यात एका प्रश्नाची ओढ नाही, एकामागून एक प्रसंग येतात. अख्खा लावू नकोस. आवली आजारी पोराला फरपटत देवळात नेते आणि विठोबावर चप्पल उगारते, तेवढाच आधी दाखव. आवलीचं काम करणाऱ्या गौरीने ते असं केलंय की धाकटी विचारेल, मग पुढे काय झालं? तिने विचारलं, तरच मागे जाऊन पहिल्यापासून लाव.

मी महिन्याअखेरीस चार दिवस येतेय, तेव्हा 'सिंहासन' आपण सगळे मिळून बघू. पात्रं खूप आहेत, कोण कुणाच्या बाजूचा हे पोरांना सांगायला बाबा लागतीलच. तोवर 'एक रुका हुआ फैसला' कसा झाला आणि मोठा कुठे उठला, की उठलाच नाही, ते कळवा.

तुमची,
माई